हिशेब आणि व्हिडिओ कॉल एकाच वेळी: लॅपटॉप घेताना बघायचं काय

प्रश्न: "माझा छोटा व्यवसाय आहे. बिलं, खाती, स्टॉक सगळं अकाउंटिंग सॉफ्टवेअरवर मीच बघतो आणि ग्राहकांशी, हिशेबनिसाशी रोज व्हिडिओ कॉल असतात. सध्याचा ८ जीबीचा लॅपटॉप कॉल लागला की अडखळतो, आवाज तुटतो. विक्रेता म्हणतो आय७ घ्या. खरंच लागेल का? नेमका कोणता घेऊ?"

आय७ बहुतेक लागणार नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर हे लॅपटॉपच्या दृष्टीने हलकं काम आहे. दोन-चार वर्षांची बिलं आणि काही हजार नोंदी साधा लॅपटॉपही सहज पेलतो. जड काम कॉलचं असतं. तुमचा कॅमेरा टिपतो ते चित्र सेकंदाला अनेकदा आकसून पाठवायचं, समोरच्याचं उलगडून दाखवायचं, मागची खोली धूसर करायची, आणि त्यातच तुम्ही स्क्रीन शेअर करून खातेवही उघडता. दिवसातल्या त्या अर्ध्या तासात लॅपटॉपची खरी परीक्षा असते. म्हणून निवड त्या अर्ध्या तासाकडे बघून करायची, एरवीच्या सात तासांकडे बघून नाही.

उत्तर बदलू शकेल अशा काही गोष्टी मात्र मला तुमच्या प्रश्नातून कळत नाहीत. सॉफ्टवेअर लॅपटॉपवर इन्स्टॉल केलेलं आहे की ब्राउझरमध्ये उघडतं? डेटा याच लॅपटॉपवर आहे की ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर? आणि लॅपटॉपला काय काय जोडता: बिलाचा प्रिंटर, बारकोड स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन, सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल? पुढचं सगळं मी सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलेलं आहे असं धरून लिहितोय, कारण अडचणी तिथेच जास्त येतात.

आधी जुन्या लॅपटॉपला विचारा

नवीन काही बघायच्या आधी एक कॉल जुन्यावरच मोजून बघा. रोजचं सगळं उघडा: अकाउंटिंग, मेल, ब्राउझरचे नेहमीचे टॅब. मग कुणाला तरी कॉल लावून स्क्रीन शेअर करा आणि `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यातल्या `Performance` भागात मुख्यतः दोन पानं बघायची आहेत, `Memory` आणि `CPU`.

माझ्याकडे आलेल्या एका व्यापाऱ्याचं उदाहरण सांगतो, कारण तक्रार अगदी तुमचीच होती. लॅपटॉपमध्ये `i5-7200U` हा दोन कोअरचा प्रोसेसर, ८ जीबी मेमरी आणि एसएसडी होती. कॉलच्या आधीच मेमरी सहा जीबीच्या आसपास भरलेली होती. कॉल लागल्यावर ती साडेसातला टेकली आणि `Committed` या नावापुढचा आकडा अकरा जीबीच्या वर गेला. म्हणजे प्रोग्रॅमांनी मिळून अकरा जीबीची मागणी लावली होती आणि खरी मेमरी होती आठ. वरचा भार विंडोज काही प्रमाणात दाबून ठेवतं आणि काही एसएसडीवर टाकतं. मग खातेवहीवरून कॉलच्या खिडकीवर यायचं म्हटलं की टाकलेलं परत आणावं लागतं. ते दोन-तीन सेकंद म्हणजेच तुम्ही म्हणता ते अडखळणं. ते मेमरीमुळेच आहे हे ओळखायचं असेल तर खिडक्या बदलताना `Disk` चा आलेख बघा. दर बदलाला तो उसळी मारत असेल तर शंका ठेवू नका.

आवाज तुटण्याचं कारण मात्र वेगळं निघालं. `CPU` च्या पानावर `Speed` आणि `Base speed` असे दोन आकडे असतात. कॉल सुरू होताना त्या व्यापाऱ्याच्या लॅपटॉपचा स्पीड बेसच्या वर होता. वीसेक मिनिटांनी तो दीड गिगाहर्ट्झच्या खाली उतरला आणि तिथेच बसला. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि कमी वेगात चित्र व आवाज वेळेवर पाठवणं जमत नाही, म्हणून आवाजाचे तुकडे पडतात. चार्जर कमी ताकदीचा असेल तरीही स्पीड असाच पडतो, तेव्हा मूळ चार्जर लावूनच मोजा. आणि स्पीड टिकून असतानाही आवाज तुटत असेल तर दोष बहुधा इंटरनेटचा किंवा वायफायचा आहे. एकदा केबल लावून कॉल करून बघा. तशा वेळी नवीन लॅपटॉप घेऊन काहीच फरक पडणार नाही.

त्या लॅपटॉपवर आम्ही क्रमाने तीन गोष्टी केल्या. पार्श्वभूमी धूसर करणं बंद केलं, तेवढ्यानेच प्रोसेसरवरचा भार डोळ्यांना दिसेल इतका उतरला. `Memory` च्या पानावर `Slots used: 1 of 2` दिसत होतं, म्हणून दुसऱ्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी बसवली. आणि उघडून पंख्यातली धूळ काढली. अडखळणं संपलं, आवाजही बराच सुधारला. तुमच्याकडे मोकळा स्लॉट असेल तर हा उपाय आधी करून बघण्यासारखा आहे.

त्यांना तरीही नवीन घ्यावा लागला, पण वेगळ्या कारणाने. विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनच अधिकृत यादीत येतात. `7200U` सातव्या पिढीचा. ज्या मशिनवर बँकेचं लॉगिन आणि सगळ्यांची येणी-देणी आहेत ते सुरक्षेच्या अपडेटशिवाय चालवा, असा सल्ला मी देणार नाही. तुमचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते हे तपासताना बघून ठेवा.

मेमरी १६, आणि वाढवता येईल अशी

नवीन घेताना माझा सगळ्यात ठाम आग्रह १६ जीबीचा. वरच्या उदाहरणात मागणी अकराच्या घरात होती, म्हणजे १६मध्ये ती सगळी बसते आणि थोडी जागा उरते. ३२ची तुम्हाला गरज नाही. पण ती १६ जीबी कशी बसवलेली आहे हेही विचारा. माहितीपत्रकावर एलपीडीडीआर लिहिलं असेल तर मेमरी जवळजवळ नेहमी बोर्डावर पक्की डकवलेली असते आणि पुढे कधी वाढत नाही. डीडीआर४ किंवा डीडीआर५ असेल तर बहुधा स्लॉट असतो, पण तिथेही एक भाग पक्का आणि एकच स्लॉट अशी रचना असते. पक्की १६ चालेल. पक्की ८ असलेला लॅपटॉप कितीही चांगल्या किमतीत मिळाला तरी सोडून द्या.

एसएसडी ५१२ जीबीची पुरे. हिशेबाचा डेटा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप लहान असतो. जागा खातात ते स्कॅन केलेली बिलं, फोटो आणि कॉलची रेकॉर्डिंग.

प्रोसेसरचं नाव वाचायला शिका

अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधले मोठे रिपोर्ट बरेचदा एकाच कोअरवर चालतात. वर्षाचा ताळेबंद उघडताना बारा कोअर असले तरी अकरा जण बघत उभे राहतात. म्हणून इथे कोअरच्या संख्येपेक्षा एकेका कोअरची ताकद महत्त्वाची, आणि कॉलसाठी सोबत आणखी तीन-चार बऱ्यापैकी कोअर. अलीकडचा मधल्या श्रेणीचा कुठलाही प्रोसेसर, म्हणजे आय५ किंवा रायझन ५च्या पातळीचा, हे करतो. आय७ने रिपोर्ट थोडा लवकर उघडेल, पण पातळ लॅपटॉपमध्ये तोच आय७ तापून वीस मिनिटांनी आय५च्या वेगावर येऊन बसतो. ते पैसे मेमरीत आणि स्क्रीनमध्ये घाला.

फसगत होते ती नावांत. इंटेलचे `N100`, `N200` हे प्रोसेसर फक्त वीज वाचवणाऱ्या छोट्या कोअरचे आहेत. `i3-N305` मध्ये आय३ हे नाव आणि आठ कोअर दोन्ही दिसतात, पण आठही कोअर तसेच छोटे. नुसती बिलं करायला ठीक, तुमच्या त्या अर्ध्या तासाला नाही. रायझनच्या ७००० मालिकेत तिसरा आकडा बघायचा, कारण आतल्या कोअरची पिढी तो सांगतो. `7520U` आणि `7530U` दोन्ही रायझन ५ म्हणून शेजारी ठेवलेले असतात. पहिल्यात झेन २चे चार कोअर आहेत, दुसऱ्यात झेन ३चे सहा. झेन २ ही २०१९ची रचना आहे, ती २०२३च्या नावाखाली विकली गेली. शिवाय `7520U` सोबत येणारी मेमरी पक्कीच असते. विक्रेता "दोन्ही सारखेच" म्हणाला तरी पूर्ण क्रमांक लिहून घ्या आणि घरी येऊन तपासा.

स्क्रीन आणि आकड्यांच्या कळा

यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि रोज सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो. १३६६ × ७६८ची स्क्रीन अजूनही स्वस्त लॅपटॉपवर मिळते. तिच्या ७६८ ओळींतून सॉफ्टवेअरची वरची पट्टी, खालची बटणं आणि विंडोजचा टास्कबार वजा केला की खातेवहीच्या नोंदी मोजक्याच दिसतात आणि सारखं खालीवर करावं लागतं. किमान १९२० × १०८० घ्या. १९२० × १२०० मिळाली तर उत्तम, कारण खातं उभं वाढतं आणि त्या जादा १२० ओळी तिथेच कामी येतात. पॅनेल आयपीएस असावं, म्हणजे बाजूने बघितलं तरी स्क्रीन नीट दिसते. त्याहून जास्त बारीक रिझोल्यूशनच्या मागे जाऊ नका. चौदा इंचावर २८८० × १८०० असेल तर विंडोज सगळं दुप्पट करून दाखवतं, आणि जुन्या धाटणीच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरची अक्षरं त्यात पुसट होतात. असा लॅपटॉप आधीच घेतला असेल तर प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक करून `Properties`, मग `Compatibility`, मग `Change high DPI settings` मध्ये `Override high DPI scaling behavior` वर टिक करून `System (Enhanced)` निवडून बघा. बरेचदा सुधारतं, नेहमी नाही.

आकड्यांच्या वेगळ्या कळा बहुतेक १५-१६ इंची लॅपटॉपवरच असतात. दिवसाला पाच-दहाच नोंदी असतील तर त्यांच्यावाचून अडत नाही. पण तुम्ही बिलं स्वतः टाकता, म्हणजे उजव्या हाताला त्या हव्यातच. मला वैयक्तिक विचाराल तर १४ इंची लॅपटॉप आणि सोबत यूएसबीने जोडायचा सुटा नंबरपॅड ही जोडी जास्त आवडते. लॅपटॉपमध्ये कोंबलेल्या नंबरपॅडच्या कळा अरुंद असतात, त्याच्यामुळे बाकीचा कीबोर्ड डावीकडे सरकतो आणि कॅमेऱ्यासमोर बसायचं तर टायपिंग तिरकं होतं. टेबलावर २४ इंची मॉनिटर लावलात तर फारच बरं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर माणूस, मॉनिटरवर हिशेब. शेअर करताना मात्र पूर्ण स्क्रीन देऊ नका, फक्त ती एक खिडकी निवडा. एका ग्राहकाला त्याचं खातं दाखवताना मागे दुसऱ्याची थकबाकी दिसणं हा प्रकार मी पुष्कळदा पाहिलाय.

कॉलचा दर्जा कशावर ठरतो

चित्र खराब असलं तरी समोरचा निभावून नेतो, आवाज खराब असला की कॉल संपतो. त्यामुळे कॅमेरा १०८०पी असेल तर छान, पण ७२०पीच्या कॅमेऱ्यावर समोरून उजेड घेतलात आणि पाठीमागची खिडकी टाळलीत तर काम चालतं. आवाजासाठी साधा वायरचा यूएसबी हेडसेट घ्या. ब्लूटूथ हेडसेटवर गाणी छान ऐकू येतात, पण त्याचा माइक सुरू झाला की जोडणी बरेचदा फोनवर बोलण्यासाठीच्या जुन्या पद्धतीवर उतरते आणि दोन्हीकडचा आवाज दबका होतो. लॅपटॉपच्या माइकची अडचण वेगळीच. तो कीबोर्डजवळ आणि पंख्याच्या सोबतीला असतो, म्हणजे तुम्ही बोलता बोलता नोंद टाकली की समोरच्याला खटखट ऐकू जाते.

दुकानात लॅपटॉप बघताना विंडोजचं कॅमेरा ॲप उघडून मिनिटभर स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करा आणि लगेच ऐका. चित्र आणि माइक दोन्हींचा अंदाज येतो. झूम वापरत असाल तर `zoom.us/test` वर एकट्याने चाचणी कॉल करता येतो.

चालतच नाही अशी वेळ

मंद चालणं परवडतं, पण काही गोष्टी अजिबात चालत नाहीत, आणि त्या घरी आल्यावर कळतात. सध्या स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप दिसायला देखणे आहेत आणि त्यांची बॅटरीही चांगली टिकते. ते एआरएम रचनेचे आहेत, म्हणजे इंटेल आणि एएमडीपेक्षा वेगळ्याच घडणीचे. नेहमीचे प्रोग्रॅम त्यांच्यावर बदल करून चालवले जातात आणि बहुतेक चालतातही. पण ड्रायव्हरला ती सोय नाही. प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन किंवा लायसन्सचा डोंगल यांच्यासाठी त्यांच्या कंपनीने एआरएमसाठी वेगळा ड्रायव्हर काढला नसेल तर तो लॅपटॉप ती वस्तू बहुधा ओळखणारच नाही. जोडायच्या प्रत्येक वस्तूचा तसा ड्रायव्हर आहे असं लेखी कळल्याशिवाय घेऊ नका. मॅकबुकचीही अडचण हीच. एम मालिकेच्या मॅकवर विंडोज चालवलंत तरी ते एआरएमचंच असतं. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालत असेल आणि जोडायचं काही नसेल, तर मात्र मॅक घ्यायला माझी काही हरकत नाही.

लॅपटॉपवर विंडोज एस मोडमध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचा कुठलाही प्रोग्रॅम बसत नाही. त्यातून बाहेर पडता येतं, फुकट, पण परत जाता येत नाही. तुम्हाला परत जायचंही नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी बाहेर पडा. होम की प्रो, याचं उत्तर एका गोष्टीवर आहे: हिशेबनीस बाहेरून तुमच्या लॅपटॉपवर विंडोजच्याच रिमोट डेस्कटॉपने काम करणार असेल तर प्रो लागतं, कारण होममध्ये तशी जोडणी स्वीकारता येत नाही. नाहीतर होम पुरे.

छिद्रं मोजून घ्या. मोठ्या आकाराची यूएसबी किमान दोन, एचडीएमआय एक. डेटा दुसऱ्या कॉम्प्युटरवर असेल तर नेटवर्क केबलचं छिद्रही हवं, किंवा त्यासाठीचा ॲडॉप्टर. वायफायवरून सामाईक डेटा फाइल उघडली आणि नोंद होता होता जोडणी तुटली तर फाइल बिघडू शकते. अशा डेटासाठी केबलच वापरा.

तेव्हा तुमच्यासाठी माझी निवड अशी: इंटेल किंवा एएमडीचा मधल्या श्रेणीचा, क्रमांकाच्या शेवटी `U` किंवा `H` असलेला प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, ५१२ जीबी एसएसडी, १४ इंची १९२० × १२०० आयपीएस स्क्रीन, विंडोज ११, सोबत नंबरपॅड आणि वायरचा हेडसेट. लॅपटॉप एका जागीच राहणार असेल तर १६ इंची घ्या. तो बहुधा जाड असतो, म्हणून थंडही जास्त राहतो.

आणल्यावर परत करायची मुदत संपायच्या आत तीच चाचणी नव्यावर करा: सगळं उघडून, प्रिंटर आणि टोकन लावून, अर्ध्या तासाचा कॉल, आणि शेवटी `Speed` चा आकडा. मग जुन्यावरून बॅकअप घेऊन नव्यावर चढवा आणि दोन्हींवर एकाच तारखेचा ट्रायल बॅलन्स काढा. एकूण बेरीज, बँकेची शिल्लक आणि शेवटच्या बिलाचा क्रमांक जुळला की नव्या नोंदी नव्यावरच टाकायला लागा. जुन्यावरचा डेटा पुढच्या महिन्याचा हिशेब नव्यावर बंद होईपर्यंत पुसू नका, आणि तोवर चुकूनही त्यावर एखादं बिल करू नका. दोन मशिनवर दोन वेगळे हिशेब तयार झाले की ते एकत्र करणं लॅपटॉप निवडण्यापेक्षा फार कटकटीचं असतं.